रात्रीची फिटची गोळी राहिली आणि पहाटे आठवलं, तर किती घ्यायची?

यावलचा_भाऊ
नमस्कार मंडळी. माझी धाकटी बहीण वीस वर्षांची आहे, फैजपूरला कॉलेजात जाते. तिला फिट येतात, डॉक्टरांनी जेएमई नावाचा फिटचा प्रकार सांगितलाय. लेव्हेटिरासेटाम ५०० सकाळी ८ ला एक आणि रात्री ८ ला एक. या गोळीवर वर्षाहून जास्त काळ मोठी फिट आलेली नाही.

रविवारी घरी कानबाई होती. रोटांचं दळण, पाहुण्यांची ये-जा, मग रात्रभर गाणी. पहाटे साडेपाचला चहा घेताना तिच्या हाताला झटका बसला आणि कप खाली पडला. लगेच दुसरा झटका. मी गोळ्यांचा डबा उघडून बघितला तर रविवार रात्रीचा खाना भरलेलाच होता. म्हणजे शनिवार-रविवार नीट चाललं, फक्त ही एक गोळी राहिली होती.

मग घरात तीन मतं. काका म्हणाले, रात्रीची आणि सकाळची मिळून आत्ताच दोन दे. आई म्हणाली, आत्ता एक दे आणि आठची आठलाच दे. बहीण म्हणाली, आत्ता एक घेते आणि आता थेट रात्रीच. डॉक्टरांचा फोन तेव्हा लागला नाही. शेवटी बहिणीचंच ऐकलं. साडेपाचला एक, मग रात्री ८ ला पुढची. झटके तासाभरात थांबले, ती दुपारपर्यंत झोपली, मोठी फिट आली नाही.

मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. तिघांत बरोबर कोण होतं, आणि का? आणि हेच रात्री अकराला किंवा दोनला लक्षात आलं असतं तर काय करायचं होतं?

निवृत्त_गुरुजी_धुळे
आमच्या थोरल्या बंधूंना बरीच वर्षं फेनिटोइन चालू आहे, रोज रात्री. राहिली तर सकाळी आठवल्याबरोबर घेतात आणि रात्रीची रात्री. एकदोनदा दोन दिवसांच्या एकदम घेतल्या, काही झालं नाही. शरीरातला औषधाचा साठा भरून निघाला पाहिजे, हे तत्त्व. त्यामुळे तुमच्या काकांचं मत मला पटतं.

सातपुडा_७२
फिट आली की चप्पल किंवा कांदा हुंगवायचा, दातात चमचा घालायचा. आमच्याकडे सगळे हेच करतात. गोळीपेक्षा हे आधी शिका.

शिरपूरची_आई
सातपुडा भाऊ, चमचा अजिबात नको. माझ्या मुलाचा दात याच्यामुळे तुटला होता. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवायचं, घड्याळ बघायचं. कांद्या-चपलेने फिट थांबत नाही, ती आपली आपण थांबते आणि आपल्याला वाटतं कांद्याने थांबली. पण भाऊंनी विचारलंय ते राहिलेल्या गोळीचं, त्यावर कुणी जाणकार बोला. मलाही हवंय.

मेडिकल_चोपडा
मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. दुकानात हा प्रश्न इतक्या वेळा येतो की थोडं सविस्तर लिहितो.

भाऊ, त्या पहाटे तिघांत बहीण सगळ्यात जवळ होती. कारण सांगतो. लेव्हेटिरासेटाम शरीरातून लवकर उतरतं. मूत्रपिंडं चांगली असलेल्या मोठ्या माणसात साधारण सात तासांत निम्मं होतं. सकाळची गोळी घेतल्यावर तासाभरात औषध जिथवर चढतं त्याला १०० म्हणू. मग दुपारी तीन-चारला ५० आणि रात्री आठला ३० च्या आसपास. नेमकं तेव्हाच पुढची गोळी पोटात जाते आणि पातळी परत १०० ला येते. हे ३० म्हणजे तिचा रोजचा तळ, आणि वर्षभर फिट आली नाही म्हणजे हा तळ तिला पुरतो.

त्या रात्री आठची गोळी गेली नाही. मग रात्री दहाच्या सुमाराला २५ आणि पहाटे साडेपाचला १२. रोजच्या तळाच्या निम्म्याहून खाली. त्यात पूर्ण रात्र जागरण. जेएमईत झोपमोड आणि उतरलेलं औषध एकत्र आलं की सकाळी उठल्या उठल्या हाताला झटके बसणं हे अगदी ठरलेलं. कप पडणं, कंगवा उडणं, ब्रश हातातून सुटणं, हीच त्याची खूण. पुष्कळ घरांत याला धांदरटपणा म्हणून रागावतात. हे झटके वाढत गेले तर त्यांच्यामागून मोठी फिट येऊ शकते.

आता काकांचा उपाय. साडेपाचला दोन गोळ्या एकदम दिल्या असत्या तर पातळी १५० पर्यंत गेली असती. गुंगी, चक्कर, तोल जाणं, चिडचिड. आणि फायदा काय? एक गोळी तासाभरात तिला ८० पर्यंत घेऊन जाते, तेवढं झटके आवरायला पुरेसं होतं. जी रात्र औषधाविना गेली ती जास्तीच्या गोळीने परत भरून येत नाही. आईच्या पद्धतीने अडीच तासांत दुसरी दिली असती तर तीही जवळजवळ दोन एकदम दिल्यासारखीच.

बहिणीच्या हिशोबात एकच गोष्ट मी बदलली असती. साडेपाच ते रात्री आठ म्हणजे साडेचौदा तास. आधीच ८० पर्यंतच चढलेलं औषध रात्री आठपर्यंत २० च्या आसपास आलं, म्हणजे रोजच्या तळाच्या खाली. त्या दिवशी संध्याकाळची गोळी सहा-साडेसहाला घ्यायची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून परत आठ-आठ. एवढाच फरक.

अकराला आठवलं असतं तर लगेच घ्यायची आणि सकाळची आठलाच. दोन वाजता आठवलं तरी मी तेच सांगतो, कारण सहा तास उलटलेत आणि सहा उरलेत. सकाळची आठला घेतली तर पातळी रोजच्यापेक्षा थोडी वर जाईल, जरा सुस्ती वाटेल, बाकी काही नाही. दोनच्या पुढे गेलं की मात्र सकाळच्या गोळीचीच वेळ अलीकडे ओढायची आणि एकच घ्यायची.

हे आकडे समजण्यापुरते आहेत, प्रत्येकाच्या शरीरात थोडे इकडेतिकडे होणार. किडनीचा त्रास असेल तर हे औषध कितीतरी हळू उतरतं, तिथे हा हिशोब लावूच नका.

निवृत्त_गुरुजी_धुळे
मग आमच्या बंधूंना काही झालं नाही ते कसं?

मेडिकल_चोपडा
गुरुजी, तुमच्या म्हणण्यातला पहिला भाग बरोबरच आहे. दिवसातून एकदाच घ्यायची गोळी सकाळी आठवली तर सकाळी घ्यावी आणि रात्रीची रात्री. फेनिटोइन निम्मं व्हायलाच साधारण एक दिवस लागतो, म्हणून एक गोळी राहिली तर पातळी एकदम कोसळत नाही. तुमचे बंधू त्याच्या जोरावर निभावले.

पण दोन एकदम घेणं फेनिटोइनला तर सगळ्यात वाईट. लिव्हरची ते काढून टाकायची ताकद एका मर्यादेपर्यंतच असते. मर्यादा गाठली की थोडं जास्त औषध गेलं तरी रक्तातलं प्रमाण खूप वाढतं. एखाद्या वेळी खपून जातं. तेच दोन-चार वेळा झालं, किंवा मुळातच डोस वरच्या बाजूला असला, की माणूस झुलत चालतो, एकाचे दोन दिसतात, डोळ्यांची बुबुळं थरथरतात, बोलणं जड होतं. लोकांना वाटतं दारू प्यायलाय. असं दिसलं तर गोळी स्वतः बंद न करता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायचं, रक्तातली पातळी तपासता येते.

आणि एक, भाऊंच्या बहिणीसाठी मुद्दाम. गोळी संपली म्हणून घरातल्या दुसऱ्या कुणाची फिटची गोळी तिला द्यायची नाही. जेएमईत कार्बामाझेपिन किंवा फेनिटोइनने हे सकाळचे झटके उलट वाढू शकतात. सगळ्या फिटच्या गोळ्या एकमेकींच्या जागी चालत नाहीत.

तापीकाठ
मी स्वतः पेशंट आहे, गोळ्या शाळेपासून चालू आहेत. मेडिकलवाले दादा, तुमच्याशी थोडा असहमत. माझे न्यूरोलॉजिस्ट म्हणतात, दिवसभराचा एकूण डोस पोटात गेलाच पाहिजे. राहिलेली कधीही आठवली तरी घे, पुढची तिच्या वेळेला घे, थोडी झोप आली तर येऊ दे, फिट येण्यापेक्षा बरी. मी आजवर असंच केलंय आणि मला त्रास झालेला नाही. मग माझे डॉक्टर चूक आहेत का?

मेडिकल_चोपडा
चूक म्हणणार नाही ताई. असं सांगणारे डॉक्टर आहेत आणि त्यामागे विचार आहे: ज्याला एक डोस चुकला की हमखास फिट येते, त्याच्यासाठी थोडी गुंगी परवडते. उलट बाजूने, लहान मुलांच्या काही माहितीपत्रकांत दिवसातून दोनदा असलेल्या लेव्हेटिरासेटामला चारच तासांची मुभा दिलेली आहे, त्यानंतर राहिलेली सोडून द्या म्हणतात. मी वर सहा तास म्हणालो, ते दोन डोसांच्या मधला निम्मा वेळ धरून. म्हणजे चार की सहा की कधीही, यावर सगळ्यांचं एक मत नाही. दोन गोळ्या एका वेळी तोंडात टाकू नका, यावर मात्र बहुतेकांचं आहे, तुमचे डॉक्टरही तसं सांगत नाहीयेत.

तुम्ही कुठली गोळी घेता?

तापीकाठ
क्लोबाझाम रात्री आणि लॅमोट्रिजिन दोन वेळा.

मेडिकल_चोपडा
मग तुमचं जमतंय त्याचं एक कारण तेही आहे. ही दोन्ही लेव्हेटिरासेटामपेक्षा कितीतरी हळू उतरतात. पण लॅमोट्रिजिनची एक गोष्ट लक्षात ठेवा. एखादी गोळी राहणं वेगळं आणि सलग पाचेक दिवस खंड पडणं वेगळं. इतका खंड पडला तर जुना पूर्ण डोस परत सुरू करायचा नाही, डॉक्टर पहिल्यासारखा थोड्यापासून चढवतात. एकदम पूर्ण डोस घेतला तर अंगावर पुरळ येऊन ते जिवावर बेतू शकतं. बाकी औषधांत खंड पडला की फिटची भीती असते, यात पुन्हा सुरू करतानाची भीतीही आहे.

अहिराणी_पोऱ्या
मना भाऊले बी फिटा येतस. त्याचं वेगळंच आहे. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात तो दहाला केळीला पाणी द्यायला जातो, पहाटे येतो, मग अकरापर्यंत झोपतो. सकाळची आठची गोळी त्या आठवड्यात रोज अकरा-बाराला होते. हे राहिलेली गोळी म्हणायचं की उशिरा?

मेडिकल_चोपडा
रोज तीन-चार तास उशीर म्हणजे एक अंतर पंधरा-सोळा तासांचं आणि दुसरं आठ-नऊचं. मोठ्या अंतरात तळ रोज खाली जातो. आणि त्याच आठवड्यात झोपही मोडलेली. त्याला घड्याळातल्या आठचं महत्त्व नाही, बारा तासांच्या अंतराचं आहे. दोन्ही आठवड्यांत जमेल अशी वेळ शोधा. रात्री कामाला निघताना साडेनऊला एक आणि सकाळी साडेनऊला उठवून एक, परत झोपू द्या. दिवसपाळीच्या आठवड्यातही साडेनऊच ठेवा. डॉक्टरांना वेळ बदलतोय एवढं सांगा.

पण मला जास्त काळजी दुसऱ्या गोष्टीची वाटते. फिट येणारा माणूस रात्री एकटा विहिरीवर, मोटरीपाशी. त्याची सोबत कोण करतं?

अहिराणी_पोऱ्या
सोबत कोनी नई. आता मी जाईन. साडेनऊचं आजपासून करतो.

शिरपूरची_आई
माझा प्रश्न राहिला. मुलगा सहा वर्षांचा, व्हाल्प्रोएटचं सिरप चालू आहे. कधी कधी औषध दिल्यावर उलटी करतो. परत द्यायचं का? आणि सासूबाईंनाही फिटसाठी व्हाल्प्रोएटच्या गोळ्या आहेत, त्या सात खान्यांच्या डब्यात भरून ठेवते, तर ओलसर होऊन फुगतात.

मेडिकल_चोपडा
सासूबाईंचं आधी सांगतो, सोपं आहे. व्हाल्प्रोएट हवेतली ओल ओढून घेतं. पाकिटातून काढून डब्यात टाकायचंच नाही. कात्रीने पट्टी कापा, प्रत्येक गोळी तिच्या फॉइलसकट त्या त्या खान्यात ठेवा. सीआर किंवा क्रोनो लिहिलेली असेल तर ती कुटून, चावून द्यायची नाही, नाहीतर दिवसभर हळूहळू सुटायचं औषध एकदम सुटतं. आणि उन्हाळ्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा गोळ्या गाडीच्या डिक्कीत किंवा पत्र्याच्या खोलीत ठेवू नका.

उलटीचं घड्याळावर आहे. दिल्या दिल्या, पंधरा-वीस मिनिटांत उलटी झाली तर बहुतेक औषध बाहेर पडलेलं असतं आणि साधारणपणे तो डोस परत देतात. तास उलटून गेला असेल तर बहुतेक पोटात उतरलेलं असतं, परत देऊ नका. मधल्या वेळेचं ठाम कुणी सांगू शकत नाही. मुलाच्या वजनावर डोस असतो, म्हणून तुमच्या डॉक्टरांकडून एकदा विचारून लिहून घ्या. उलट्या सुरूच राहिल्या, एकही डोस टिकेना, तर घरी वाट बघत बसू नका. दवाखान्यात फिटचं औषध शिरेतून देता येतं. आणि व्हाल्प्रोएटवरचं मूल वारंवार उलट्या करतंय आणि सुस्तही पडतंय, तर तेवढ्यासाठीच त्याच दिवशी दाखवायचं, कारण लिव्हरकडे बघावं लागतं.

केळीवाला_रावेर
एक विचारतो. गोळी घेतली की नाही हेच आठवत नसेल तर? माझ्या बायकोचं नेहमी होतं. सकाळची घाई, मुलांचे डबे. आणि डबा आमच्याकडे नाही, पट्टीतून घेते.

तापीकाठ
पट्टीच्या मागे पेनने वार लिहायचे. सो स, सो रा, मं स, असं. दर रविवारी दोन मिनिटं लागतात. सोमवार सकाळचा खड्डा फुटलेला दिसला की घेतली. मी घड्याळाच्या गजराचा नाद सोडला, कारण गजर बंद करायचा आणि गोळी नंतर घेऊ म्हणायचं, असं व्हायचं. पट्टी खोटं बोलत नाही.

मेडिकल_चोपडा
ताईंनी सांगितलं तेच करा. पण लिहिलेलं नसताना शंका आलीच, तर पट्टीतल्या गोळ्या मोजा. खरेदीची तारीख बिलावर असते, रोजच्या किती लागतात ते माहीत असतं, हिशोब निघतो. तरीही कळलं नाही तर औषधावर अवलंबून आहे. लेव्हेटिरासेटामची एखादी जास्त झाली तर सुस्ती येते, राहिली तर धोका मोठा. फेनिटोइनचं पारडं वेगळं. तुमच्या घरी कुठली आहे त्याप्रमाणे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.

यावलचा_भाऊ
अपडेट देतो. आज बहिणीला घेऊन जळगावला डॉक्टरांकडे जाऊन आलो. सगळं सांगितलं. त्यांनी फाइलच्या पहिल्या पानावर लिहून दिलं, तसंच इथे टाकतो. हे तिच्यासाठी आहे, दुसऱ्यांनी आपापल्या डॉक्टरांना विचारा.

रात्रीची राहिली आणि २ पर्यंत आठवलं तर लगेच घ्या, सकाळची ८ लाच. २ नंतर आठवलं तर एकच घ्या, तीच सकाळची समजा, संध्याकाळची ६ ला, दुसऱ्या दिवसापासून ८-८. सकाळची राहिली तर हाच नियम, दुपारी २ ची रेघ. दोन गोळ्या एकदम नाही. गोळी राहिल्यापासून दोन दिवस गाडी, विहीर, चूल, गच्ची यांपाशी एकटीने नाही आणि रात्री पूर्ण झोप. सकाळचे झटके अर्ध्या तासात थांबले नाहीत किंवा वाढत गेले तर दवाखाना. मोठी फिट पाच मिनिटांच्या पुढे गेली तर नाकातला मिडाझोलामचा स्प्रे आणि १०८.

स्प्रे आधी नव्हता, तो आज लिहून दिला. मेडिकलवाले दादांनी सांगितलेलं सहा वाजताचं बरोबर निघालं.

दिवसातून एकदाच घ्यायची गोळी मिळते असं ऐकलं होतं म्हणून तेही विचारलं. डॉक्टर म्हणाले मिळते, पण सध्या नको. ती एक राहिली तर पुढचं अंतर थेट दोन दिवसांचं होतं, आणि हिचं कॉलेजचं वेळापत्रक धड नाही. त्यावर मला पूर्ण उत्तर मिळालं असं वाटत नाही, कारण रोज दोनदा लक्षात ठेवण्यापेक्षा एकदा सोपं नाही का?

तापीकाठ
माझ्या ओळखीत एकीची तशी एकदाच्या गोळीवर छान घडी बसली, आणि एकीला परत दोन वेळांवर यावं लागलं. सहा महिन्यांनी पुन्हा विचारून बघा.

आणि पुढच्या वर्षी कानबाईला रात्री आठची गोळी आरतीच्या ताटात ठेवा. दिवा लावायला कुणीतरी ताट उचलणारच.

यावलचा_भाऊ
आईला वाचून दाखवलं. म्हणाली, ताटात नको, मीच हातावर देईन. आणि बहिणीला जागरणाला बारापर्यंतच बसू देणार, यावरून आत्ता घरात भांडण चालू आहे.

शिरपूरची_आई
बारापण उशीरच. दहाला झोपवा. गाणी पुढच्या खोलीतून ऐकू येतातच.